वाराचा हिशेब

तलाठी, पोलीस शिपाई, वनरक्षक, लिपिक, कोणत्याही भरतीच्या गणिताचे पुस्तक उघडले तरी त्यात ‘दिनदर्शिका’ या नावाचे एक लहानसे प्रकरण असतेच, आणि नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरळव्याज अशा भारदस्त प्रकरणांच्या गर्दीत ते इतके निरुपद्रवी दिसते की बहुतेक उमेदवार परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्याकडे वळतही नाहीत. सातने भागावे, बाकी काढावी आणि तितके वार पुढे मोजावेत, एवढेच त्यातील गणित आहे. चौथीच्या मुलाला येणारा हा भागाकार वीस-बावीस वर्षांच्या पदवीधरांना वारंवार का चकवतो, हे समजावयास मला मात्र बराच काळ लागला, आणि त्याचे कारण भागाकारात नसून भागाकाराच्या आधी आहे, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात, तालुक्याच्या कचेरीत गेली. सायंकाळी दफ्तर बंद झाल्यावर गावातील एका शाळेच्या खोलीत होतकरू मुलांना अंकगणित शिकवावे, हा छंद नोकरीच्या आरंभीच जडला आणि तो सेवानिवृत्तीनंतरही सुटला नाही. फरक इतकाच पडला की पूर्वी मुले खोलीत येत आणि प्रश्न फळ्यावर लिहीत. आता ती आपापल्या गावी असतात आणि प्रश्नाचे छायाचित्र काढून ते भ्रमणध्वनीवर पाठवतात. खाली एकच ओळ असते, ‘सर, हे कसे आले?’ छायाचित्र कधी अभ्यासिकेतल्या दिव्याखाली काढलेले असते, कधी धावत्या बसमध्ये. कधी पानाचा बांध इतका वळलेला असतो की ओळींची टोके त्यात बुडून जातात, तर कधी छपाईच अशी असते की १ आणि ९ यांत भेद करणे केवळ अंदाजाचे काम होते. साल १९५१ की १९५९ हे कळले नाही तर वारात तीन दिवसांचे अंतर पडते, कारण मधल्या आठ वर्षांत दोन लीप वर्षे येतात आणि दहाला सातने भागून तीन उरतात. अशा वेळी मी दोन्ही साले धरून दोन उत्तरे काढतो आणि पर्यायांत त्यांपैकी एकच छापलेले आहे काय ते पाहतो. असले तर साल आपोआप उलगडते, आणि दोन्ही असली तर पान पुन्हा पाठविण्यास सांगण्यावाचून गत्यंतर नसते.

अशाच एका छायाचित्राने मला या विषयाचे मर्म एका ओळीत सांगण्याची संधी दिली. प्रश्न असा होता: एका वर्षी प्रजासत्ताक दिन सोमवारी होता, तर त्याच वर्षी स्वातंत्र्यदिन कोणत्या वारी असेल? पर्याय शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार. पाठविणाऱ्या मुलाचे उत्तर शनिवार आले होते, पुस्तकाच्या मागे रविवार छापला होता, आणि पुस्तक चुकीचे आहे अशी त्याची तक्रार होती. त्याने केलेली मांडणी निर्दोष होती. सव्वीस जानेवारीनंतर त्या महिन्याचे पाच दिवस उरतात, मग फेब्रुवारीचे अठ्ठावीस, मार्चचे एकतीस, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे तीस, जुलैचे एकतीस आणि ऑगस्टचे पंधरा, एकूण २०१. त्यांतून अठ्ठावीस पूर्ण आठवड्यांचे १९६ दिवस वजा केले की पाच उरतात, आणि सोमवारपासून पाच वार पुढे गेले की शनिवार येतो. मी त्याला इतकेच विचारले की पानाच्या वरच्या भागात, जेथे तुझा अंगठा आला आहे, तेथे काही छापले आहे काय? दुसरे छायाचित्र आले आणि अंगठ्याखालून ‘लीप वर्षात’ हे शब्द बाहेर पडले. दिवस २०२ झाले, बाकी सहा झाली, आणि रविवार बरोबर ठरला.

हा प्रश्न केवळ कागदी नाही. २०१५ साली सव्वीस जानेवारीस सोमवार होता आणि ते साधे वर्ष होते, म्हणून पंधरा ऑगस्टला शनिवार आला. २००४ सालीही सव्वीस जानेवारीस सोमवारच होता, परंतु ते लीप वर्ष असल्याने पंधरा ऑगस्ट रविवारी पडला. ज्यांच्या घरी जुनी ‘कालनिर्णय’ जपून ठेवलेली असतील त्यांना हे दोन्ही पडताळून पाहता येईल. म्हणजे वर्षाचा प्रकार न सांगता हा प्रश्न विचारला तर त्याला एक उत्तर नसते, दोन असतात. उलट दोन्ही तारखा मार्चनंतरच्या असत्या, एक मे आणि पंधरा ऑगस्ट अशा, तर वर्ष लीप आहे की नाही याची चौकशीच करावी लागली नसती, कारण त्यांच्या दरम्यान फेब्रुवारी येत नाही. एकतीस दिवसांच्या महिन्याची बाकी तीन, तीस दिवसांच्या महिन्याची दोन. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजण्याची जुनी रीत ज्याला येते त्याला एवढे पाठही करावे लागत नाही. सारा वाद एकट्या फेब्रुवारीचा आहे. त्याची बाकी एरवी शून्य आणि चार वर्षांतून एकदा एक. म्हणून प्रश्न हाती येताच पहिली चौकशी ही करावी, की या दोन तारखांच्या मध्ये एखादा एकोणतीस फेब्रुवारी सापडतो काय.

दुसरी चौकशी आरंभीच्या दिवसाची. आज सोमवार असेल तर शंभर दिवसांनी कोणता वार येईल? शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले, दोन उरले, बुधवार. आता हाच प्रश्न असा विचारा की आजचा सोमवार हा पहिला दिवस धरला तर शंभरावा दिवस कोणत्या वारी येईल. येथे आजपासून पुढे नव्व्याण्णवच दिवस जावयाचे आहेत, बाकी एक, आणि उत्तर मंगळवार. वर्गात हा भेद सांगितला की मुले मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी तीच गफलत करीत. मग मी कचेरीतला दाखला देऊ लागलो. नोटीस बजावली, तिची तामील झाली, आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत दिली. आता हे पंधरा दिवस तामिलीचा दिवस धरून मोजावयाचे की वगळून? एखाद्या खातेदाराचा अर्ज मुदतीत आहे की मुदतबाह्य, हे या एका दिवसावर ठरते, आणि म्हणून कायद्याने तो दिवस आपल्या मर्जीवर सोडलेला नाही. १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे ज्या दिवसापासून मुदत मोजावयाची तो दिवस वगळावयाचा असतो, आणि १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातही ‘पासून’ या शब्दाने आरंभीचा दिवस वगळला जातो अशीच योजना आहे. हे सांगितल्यावर मात्र मुलांच्या ध्यानात राही. ज्यांच्या घरी जमिनीचा एखादा तंटा चालू होता, त्यांच्या तर विशेष ध्यानात राही.

आता सालासकट पुरी तारीख दिली असता वार कसा काढावा, हे एका खऱ्या तारखेवर सांगतो. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. त्या दिवशी कोणता वार होता? एक मे १९६० पर्यंत पूर्ण झालेली वर्षे १९५९ आहेत, १९६० नव्हेत. साठावे साल अजून चालू आहे आणि त्याचे दिवस आपण महिन्यांनी वेगळे मोजणार आहोत. या १९५९ चे तीन तुकडे पाडावे: १६००, ३०० आणि ५९. चारशे वर्षांच्या दिवसांना सातने भागले असता बाकी काहीच उरत नाही, म्हणून १६०० वर्षे सरळ सोडून द्यावीत. शंभर वर्षांत शहात्तर साधी आणि चोवीस लीप वर्षे धरली तर प्रत्येक साध्या वर्षाचा एक आणि लीप वर्षाचे दोन मिळून १२४ होतात, आणि त्यांची बाकी पाच. तीनशे वर्षांची पंधरा, म्हणजे एक. राहिलेल्या ५९ वर्षांत चौदा लीप आणि पंचेचाळीस साधी, म्हणून त्र्याहत्तर, बाकी तीन. वर्षांची एकूण बाकी झाली चार. आता १९६० चे महिने: जानेवारीचे तीन, फेब्रुवारीचा एक, कारण हे लीप वर्ष आहे, मार्चचे तीन, एप्रिलचे दोन आणि मेचा एक, मिळून दहा. चार आणि दहा चौदा, बाकी शून्य. शून्य म्हणजे रविवार, एक म्हणजे सोमवार, या क्रमाने पाहता महाराष्ट्र राज्य रविवारी जन्मास आले.

हे गणित मी कित्येक तुकड्यांना दिले, आणि पुढे पुढे मला उत्तरपत्रिका न पाहता केवळ उत्तर ऐकून चूक सांगता येऊ लागली. जो शनिवार म्हणे त्याने फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा धरलेला असे. जो मंगळवार म्हणे त्याने ५९ ऐवजी ६० वर्षे घेऊन चालू वर्ष दोनदा मोजलेले असे, एकदा वर्षांत आणि एकदा महिन्यांत. आणि जो सोमवार म्हणे त्याने बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी टाचणातला शून्य म्हणजे सोमवार हा क्रम येथे आणून बसवलेला असे. सातच वार असल्यामुळे चुकीचे उत्तर हे नेहमी खऱ्या उत्तरापासून मोजता येण्याजोग्या अंतरावर असते, आणि ते अंतर हाच चुकीचा पत्ता असतो. गणिताच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात शिक्षकाला इतकी सोय मिळत नाही. म्हणून आताही छायाचित्राबरोबर ‘तुझे उत्तर काय आले?’ हे मी आधी विचारतो आणि पद्धत मागाहून.

उत्तराचा ताळा मात्र त्याच वाटेने पुन्हा जाऊन घेऊ नये, कारण जेथे एकदा पाय घसरला तेथेच तो दुसऱ्यांदाही घसरतो. निराळ्या ज्ञात तारखेपासून यावे. १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता, हे बहुतेकांना ठाऊक असते. तेथून १५ ऑगस्ट १९५९ पर्यंत बारा वर्षे होतात आणि त्यांत १९४८, १९५२ व १९५६ असे तीन एकोणतीस फेब्रुवारी येतात. पंधराची बाकी एक, म्हणून त्या दिवशी शनिवार. पुढे एक मेपर्यंत दिवस मोजावे: ऑगस्टचे सोळा, मग सप्टेंबर ते एप्रिल हे पूर्ण महिने, आणि मेचा एक, मिळून २६०. सदतीस आठवड्यांचे २५९ गेले, एक उरला, आणि शनिवारनंतर रविवार. दोन निरनिराळ्या वाटा एकाच मुक्कामास पोचल्या की निश्चिंत व्हावे. कचेरीत कीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसल्याखेरीज हिशेबनीस उठत नसे, तीच ही शिस्त आहे.

ताळा घेतानाही एक धोंडा वाटेत आहे, तो १९०० सालचा. चारने भाग जातो म्हणून पुष्कळजण त्याला लीप वर्ष समजतात. परंतु शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप असते, आणि १९०० ला तो जात नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, त्या दिवशी बुधवार होता. तेथून २३ जुलै १९२० पर्यंत चौसष्ट वर्षे. चारने भागून सोळा लीप दिवस येतात, पण १९०० चा वगळून ते पंधराच धरावे लागतात. एकूण एकोणऐंशी, बाकी दोन, शुक्रवार. त्यानंतर नऊ दिवसांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य गेले. नवाची बाकी दोन, म्हणून तो रविवार. ज्याने सोळा धरले त्याचा सोमवार होतो.

मात्र या प्रकरणाची खरी मर्यादा मला ज्या छायाचित्राने नीट मांडावयास लावली ते निराळेच होते. एका सराव पुस्तकातील प्रश्न होता, ६ जून १६७४ रोजी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, कोणता वार होता? पुस्तकाचे उत्तर बुधवार. पाठविणारा मुलगा इतिहासाचा अभ्यासक होता आणि त्याच्या वाचनात तो दिवस शनिवार म्हणून आला होता. त्याने रीतीप्रमाणे बाकी काढली होती: १६७३ पूर्ण वर्षांपैकी १६०० ची शून्य, ७३ वर्षांत अठरा लीप धरून एक्क्याण्णव, म्हणजे तीही शून्य, जानेवारी ते मे यांची मिळून अकरा, म्हणजे चार, आणि जूनचे सहा, दहाची बाकी तीन, बुधवार. गणितात कोठेही दोष नव्हता. तरीही वार चुकला होता.

याचे कारण असे की आपण जी चारशे वर्षांची रीत वापरतो ती ग्रेगोरियन पंचांगाची आहे, आणि ते पंचांग १५८२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. त्याच महिन्यात ज्या देशांनी ते स्वीकारले तेथे गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर लगेच शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. तारखा दहा गाळल्या गेल्या, वारांची साखळी मात्र तुटली नाही. इसवी सन एकच्या पहिल्या जानेवारीस सोमवार होता असे जे आपण गृहीत धरतो, तो सोमवार कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही; आजची रीत मागे मागे नेली तर तो तेथे येतो, इतकेच. इंग्रजांनी तर हा बदल १७५२ पर्यंत स्वीकारला नाही. त्या वर्षी त्यांच्याकडे बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता तेव्हा त्याच्या कागदांत जी जूनची सहावी तारीख पडली ती जुन्या गणनेची होती, आणि त्याच दिवशी गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरांतून सोळावी तारीख चालत होती. आता १६ जून धरून बाकी काढा: पूर्वीचे चार आणि सोळाची बाकी दोन, सहा, शनिवार. दहा दिवसांना सातने भागले असता तीन उरतात, आणि बुधवारपासून शनिवार तीनच वार पुढे आहे.

मुलाला एवढे लिहून कळवले, तेव्हा त्याचा उलट प्रश्न आला की जेधे शकावलीत तर शुक्रवार आहे, त्याचे काय? प्रश्न चोख होता. शकावलीत शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, आणि तीन घटका रात्र उरली असतानाची वेळ दिली आहे. एक घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे सूर्योदयास सुमारे सव्वा तास अवकाश होता. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाबरोबर बदलतो, मध्यरात्री नव्हे. त्यामुळे शकावलीकाराच्या दृष्टीने अद्याप शुक्रवारच चालू होता, आणि मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्याच्या दृष्टीने शनिवार लागून कित्येक तास लोटले होते. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि एकाच क्षणाच्या आहेत. खोटा काय तो पुस्तकातला बुधवार, जो ना रायगडावर होता, ना मुंबईत, ना गोव्यात.

प्रश्न काढणाऱ्यांस म्हणून माझी विनंती आहे की १७५२ पूर्वीची हिंदुस्थानातील तारीख या प्रकरणात देऊ नये, आणि द्यावयाचीच तर ती कोणत्या गणनेची हे लिहावे. वर्ष न देता जानेवारी-फेब्रुवारीतून पुढे जाणारा प्रश्न विचारावयाचा असेल तर ते साधे की लीप हे प्रश्नाच्याच वाक्यात घालावे, वरच्या सूचनेत नव्हे. आणि मला छायाचित्रे पाठविणाऱ्या मुलांनी पान सपाट करून, अंगठा बाजूस घेऊन, प्रश्नाच्या वरची ओळ आणि खालचे चारही पर्याय यांसह ते टिपावे, व शेजारी स्वतःचे उत्तर, चुकीचे असले तरी, अवश्य लिहावे.